छत दुरुस्तीची तारीख

शर्मिला खोब्रागडे पुण्यात शिवाजीनगरला एका वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करायची. दहा वर्षं तिने दुसऱ्यांच्या भांडणांच्या नोटिसा टाइप केल्या होत्या. घर खाली करा, भिंत पाडा, रस्ता सोडा. स्वतःच्या नावाने पत्र लिहायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती. ती आली जुलैमध्ये, आईच्या खोलीच्या छतावर ओल दिसली तेव्हा.

बिबवेवाडीत धमढेऱ्यांची तीन मजली इमारत होती. तळमजल्यावर घरमालक हिंमतराव धमढेरे, मधल्या मजल्यावर त्यांच्या मुलाचं ऑफिस आणि सगळ्यात वर भाड्याने शर्मिला आणि तिची आई चंद्रभागाबाई. वर फक्त गच्ची. हिंमतरावांचा पूर्वी मंडप-डेकोरेटरचा धंदा होता. तो बंद झाल्यावर त्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड उभारून जुन्या खुर्च्या, सतरंज्या, कमानी तिथे रचून ठेवल्या होत्या. शेडचे लोखंडी खांब त्यांनी स्लॅबमध्ये भोकं पाडून बोल्टांनी आवळले होते.

पहिल्यांदा ओलीचा डाग थाळीएवढा होता. शर्मिलाने खाली जाऊन सांगितलं. हिंमतराव पेपर वाचत होते.

"पावसाळा आहे," ते म्हणाले. "पावसाळ्यात ओल येते."

"काका, ठिबकतंय. आईच्या पलंगावर."

"मग पलंग सरकवा."

तिने पलंग सरकवला. आठवड्याने डाग पलंगाच्या मागोमाग सरकला. दोन बादल्या लागल्या. चंद्रभागाबाईंना दमा होता, आणि भिंतीच्या वरच्या कडेने काळी बुरशी धरल्यावर त्या रात्री उशीला टेकून बसूनच झोपू लागल्या. तेव्हा एकोणीस जुलैला शर्मिलाने ऑफिस सुटल्यावर मागे थांबून पत्र टाइप केलं. सभ्य, एका पानाचं. डाग कधी दिसला, किती वाढला, कुठल्या दिवशी सांगितलं. शेवटी तिने चार तारखा मागितल्या होत्या: गच्चीची पाणी जायची तोंडं साफ करून ताडपत्री कधी घालणार, मिस्त्री पाहायला कधी येणार, पावसानंतर गच्चीचं कायमचं काम कधी सुरू होणार, आणि खोलीतलं छत आतून कधी दुरुस्त होणार.

हिंमतरावांनी ते जिन्यातच उभं राहून वाचलं. शर्मिलामागून चंद्रभागाबाईही हळूहळू खाली आल्या होत्या, दवाखान्यात जायला.

"चार तारखा," हिंमतराव म्हणाले. "कोर्टात नोकरी करता म्हणून घरालाही तारखा लागतात होय?" त्यांनी पत्राची घडी घातली आणि चंद्रभागाबाईंकडे पाहिलं. "आजी, तुम्ही चंद्रपूरकडच्या ना? तिकडे कुडाच्या घरात राहिलाच असाल. सवय असेल की गळक्या छताची."

मधल्या मजल्यावरच्या ऑफिसातली दोन माणसं हसली.

चंद्रभागाबाई कठडा धरून पायऱ्या उतरत राहिल्या. वरोऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या एकतीस वर्षं होत्या, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका. नवरा गेल्यावर स्वतःच्या पगारावर त्यांनी पक्कं घर बांधलं होतं. ते त्या गावात पहिलं स्लॅबचं घर होतं, आणि आजही गळत नव्हतं. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे."

शर्मिलाने जाऊ दिलं नाही. पत्राची पोच मागायला ती दुसऱ्या दिवशी गेली, तर हिंमतराव म्हणाले, "कुठलं पत्र?"

चार ऑगस्टला छताचा गिलावा पडला. परातीएवढा तुकडा, दोन बोटं जाड. चंद्रभागाबाई पलंगावरून उठत होत्या म्हणून डोक्याऐवजी डाव्या खांद्यावर पडला. हाड मोडलं नाही, पण महिनाभर त्यांना तो हात वर उचलता येत नव्हता. उघड्या पडलेल्या जागी गंजून फुगलेल्या सळया दिसत होत्या आणि त्यांच्यावरून पाण्याचे थेंब सावकाश सरकत होते. शर्मिलाने फोटो काढले. मग खोलीतलं सगळं सामान बाहेरच्या खोलीत आणलं आणि आईची वेणी घालायला बसली, कारण आता त्यांना स्वतःची घालता येत नव्हती. वेणी घालता घालता तिला जिन्यातलं ते वाक्य ऐकू येत होतं. सवय असेल. सवय असेल की.

दुसरं पत्र तिने पोस्टाने पाठवलं, रजिस्टर एडी. पहिल्या पत्राची प्रत, फोटो, दवाखान्याचा कागद आणि त्याच चार तारखा. बारा ऑगस्टला पोचपावतीचं कार्ड परत आलं. त्यावर हिंमतरावांची सही होती, मोठी, खाली दोन रेघा ओढलेली. शर्मिलाने ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं.

उत्तर आलं नाही. ऑफिसातले वकील म्हणाले, "दुसरं घर बघ. करार अकरा महिन्यांचा, एक महिन्याची नोटीस दिली की झालं. कशाला जीव अडकवतेस?"

"त्यांच्या हाताने तारीख लिहून घेतल्याशिवाय नाही जाणार," ती म्हणाली.

वकिलांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. असं बोलणारे अशील त्यांना माहीत होते. ते खटला जिंकायला येत नसत.

ऑक्टोबरच्या मध्याला पाऊस थांबला आणि एका सकाळी दारात रंगारी उभा राहिला. हातात पुट्टीची बादली.

"छत पांढरं करायचंय," तो म्हणाला. "धमढेरे दादांनी पाठवलंय."

"गच्चीचं काम झालं?"

"ते मला माहीत नाही ताई. सांगितलंय की डाग दिसला नाही पाहिजे. रविवारी माणसं येणारेत बघायला."

शर्मिलाने क्षणभर विचार केला आणि त्याला आत घेतलं. त्याने गंजलेल्या सळयांवर सिमेंट थापलं, पुट्टी ओढली, दोन हात रंग मारला. ती ऑफिसला दांडी मारून शेजारी उभी राहिली आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढत गेली. चहाही दिला. चंद्रभागाबाई बाहेरच्या खोलीतून हे पाहत होत्या.

"लपवायला मदत करतेस त्याला?" त्यांनी विचारलं.

"हो," शर्मिला म्हणाली.

रविवारी हिंमतराव स्वतः वर आले. सोबत एक तिशीतलं जोडपं, रुपाली आणि योगेश, मूळचे लोणी काळभोरचे, सध्या पुण्यात भाड्याने राहणारे. वरचा मजला त्यांना विकत घ्यायचा होता. रुपालीच्या सहा वर्षांच्या मुलाला ऐकू येत नव्हतं, आणि त्याची शाळा इथून पायी दहा मिनिटांवर होती. हे तिने आल्या आल्या सांगितलं, जणू घराने ते ऐकून घ्यावं. योगेशचं लक्ष छताकडे होतं.

"गळतंबिळतं का हो? वरचा मजला म्हटलं की भीती वाटते."

"एक थेंब नाही," हिंमतराव म्हणाले. "आमचं जुनं काम आहे. मी सांगण्यापेक्षा भाडेकरूंना विचारा ना. त्या राहतात इथे."

त्यांनी हसून शर्मिलाकडे पाहिलं. त्या हसण्यात ती काही बोलणार नाही याची खात्री होती. भाडेकरू बोलत नाहीत, त्यांना पुढचं घर शोधायचं असतं.

"बोलायला कशाला हवं," शर्मिला म्हणाली. "मी धमढेरे साहेबांना सगळं लेखी कळवलंय."

तिने कपाटावरची फाइल काढून रुपालीच्या हातात दिली. वर एकोणीस जुलैचं पत्र. खाली पडलेल्या गिलाव्याचे फोटो, मग सळया, मग रंगाऱ्याची बादली. शेवटी प्लास्टिकच्या पाकिटात पोचपावती, दोन रेघांच्या सहीची.

रुपालीने पानं उलटली. योगेशने स्टुलावर चढून छताच्या नव्या रंगावर बोटांनी टकटक केलं. पोकळ आवाज आला. त्याने नखाने जरा दाबलं तर पुट्टीचा पापुद्रा सुटून त्याच्या शर्टावर पडला.

"ही सही तुमचीच ना?" रुपालीने हिंमतरावांना विचारलं.

हिंमतरावांनी फाइलवरून नजर काढली. त्यांचे कान लाल झाले होते. शर्मिला ते कान पाहत राहिली. तीन महिने तिने हेच कल्पलं होतं आणि ते कल्पनेपेक्षा चांगलं होतं.

माणसं गेल्यावर ते पुन्हा वर आले. "महिनाअखेर घर खाली करा."

"करारात लेखी नोटीस लिहिलीय. एक महिन्याची."

त्यांनी वीस ऑक्टोबरला नोटीस दिली. वीस नोव्हेंबरपर्यंत घर सोडायचं. शर्मिलाने पोच म्हणून सही करून एक प्रत त्यांना परत दिली आणि म्हणाली, "बघा, पोच अशी असते." मग तिने धनकवडीत दुसरं घर पाहायला सुरुवात केली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. रुपालीला शाळेजवळचं दुसरं घर परवडण्यासारखं मिळत नव्हतं. तीन-चार दिवसांत तिने आणि योगेशने हिंमतरावांना निरोप दिला: घर घेऊ, पण आधी दुरुस्ती. गच्चीवर शेड नको, सिमेंटचा नवा कोबा, आणि गच्चीत पाणी तुंबवून तीन दिवस खालून छत कोरडं राहिलेलं आम्हाला दाखवा. त्यांचं भाड्याचं घर तीस नोव्हेंबरला सुटत होतं. त्याच्या आत झालं पाहिजे.

हिंमतरावांनी पोपट मिस्त्रीला बोलावलं. शेड दोन दिवसांत उतरली. पोपटने गच्चीवर फिरून प्रत्येक खांबाच्या बुडाशी हातोडी वाजवली, मग खाली येऊन शर्मिलाच्या दारात उभा राहिला.

"बाई, खांबाच्या भोकांतनं पानी कोब्याखाली शिरलंय, सगळीकडं पसरलंय. कोबा फोडायला लागतोय. वरचं मी करतो. पण खालचा गिलावा सैल हाय, सळ्या घासून, औषध लावून नवा मारायला पायजे. तुमची खोली आठ-दहा दिवस रिकामी लागंल. आन् वर पानी भरल्यावर खालून बघायला किल्ली. त्याशिवाय काम सुरू करून उपेग नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही म्हनाल तेव्हा. दादा म्हनले, लगेच."

शर्मिला दारात उभी राहून हसली. पोपटला वाटलं ती त्याच्या बोलण्याला हसली.

"त्यांना सांगा, तारखा लेखी मागा."

हिंमतरावांनी दोन दिवस कळ काढली. मग पत्र आलं, वहीच्या कागदावर, स्वतःच्या अक्षरात. 'आपण आपल्या सोयीची तारीख कळवावी ही विनंती.' शर्मिलाने ते तीनदा वाचलं. विनंती या शब्दाआधी त्यांनी वेगळंच काहीतरी लिहून खोडलं होतं. काय खोडलंय ते तिने कागद उजेडात धरून पाहिलं, पण लागलं नाही.

उत्तर तिने लगेच दिलं नाही. चार दिवस रोज संध्याकाळी ती जिन्यातून वर जाताना तळमजल्याचं दार किलकिलं असायचं आणि ती न पाहता पुढे जायची. पाचव्या दिवशी, दिवाळीच्या आधी, हिंमतराव वर आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. आधी कधी काढल्या नव्हत्या.

"शर्मिलाताई," ते म्हणाले, "पाच तारखेला काम सुरू झालं तर पंचवीसपर्यंत पाणी भरून दाखवता येईल. मुलाचा धंदा बसलाय. हे घर विकलं गेलं नाही तर... बसू का?"

ते बसले. चंद्रभागाबाई आतून आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या, दुखरा हात मांडीवर घेऊन.

"तुम्ही आईला जिन्यात काय म्हणालात ते आठवतं?" शर्मिलाने विचारलं.

हिंमतरावांनी मान खाली घातली. आठवत होतं, हे दिसत होतं.

"बोलून गेलो," ते म्हणाले. मग चंद्रभागाबाईंकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं. माफ करा."

चंद्रभागाबाईंनी मान हलवली. "ठीक आहे. तिकडे आमचं घर सिमेंटचं आहे. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं." मग त्या शर्मिलाला म्हणाल्या, "किल्ली दे त्यांना. आपण आठ दिवस सुनंदाकडे जाऊ."

सुनंदा ही त्यांची बहीण, येरवड्याला राहायची. दोन खोल्यांचं घर, पण तिने बोलावलं होतं. अडचण अशी काहीच नव्हती.

शर्मिलाने टेबलावरून कागद घेतला. तो तिने आधीच टाइप करून ठेवला होता. तिने तो हिंमतरावांपुढे ठेवला.

'आपल्या विनंतीनुसार कळविण्यात येते की, सदर खोली दुरुस्तीसाठी दि. २० नोव्हेंबर रोजी, मी जागा सोडतेवेळी उपलब्ध होईल.'

हिंमतरावांनी वाचलं आणि बोटांवर दिवस मोजले. वीसला सुरुवात म्हणजे डिसेंबरचा दुसरा आठवडा. "पण त्यांना तीसच्या आत..."

"मी जुलैत तारीख मागितली होती," शर्मिला म्हणाली. "मला ऑक्टोबरपर्यंत मिळाली नाही. तुम्हाला पाच दिवसांत मिळाली."

"शर्मिला," चंद्रभागाबाई म्हणाल्या. शाळेत वर्गाला गप्प करणारा तो आवाज होता. लहानपणापासून त्या आवाजापुढे शर्मिला कधी उभी राहिली नव्हती.

"नाही आई," ती म्हणाली.

हिंमतराव उठले. चपला घालताना त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. ते पायऱ्या उतरेपर्यंत शर्मिला दारात उभी होती. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं, गरम, हलकं, आणि त्या क्षणी तिला वाटलं की हे असंच राहील, नव्या घरी नेता येईल.

रुपाली आणि योगेशने डिसेंबरपर्यंत थांबता येत नाही म्हणून सांगितलं. व्यवहार फिसकटला. शेड उतरवलेल्या गच्चीवर खांबांची भोकं तशीच राहिली, पोपट मिस्त्री दुसऱ्या कामाला गेला.

वीस नोव्हेंबरला टेम्पो आला. शर्मिलाने खोली झाडून पुसून हिंमतरावांच्या मुलाच्या हातात किल्ली दिली. तो वर पाहायलाही आला नाही. हिंमतराव दाराच्या आत होते, दिसले नाहीत.

धनकवडीचं घर दुसऱ्या मजल्याचं होतं, वर आणखी दोन मजले. चंद्रभागाबाईंनी पहिल्याच रात्री आडवं होऊन झोप घेतली. किल्ली नाकारल्या दिवसापासून त्या शर्मिलाशी सगळं बोलत होत्या, भाजीचं, औषधाचं, सुनंदाचं. फक्त त्या संध्याकाळबद्दल नाही.

डिसेंबरमध्ये रुपालीचा फोन आला. नंबर तिने फाइलमधल्या पत्रावरून घेतला होता.

"ताई, तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्ही पत्र दाखवलं नसतं तर आम्ही फसलो असतो."

"कुठे घर घेतलं?"

"घेतलं नाही. लोणीला परत आलोय सासऱ्यांकडे. रोज पहाटे पाचला निघतो शाळेसाठी, त्याला बसमध्ये झोप लागते." ती जरा थांबली. "धमढेरे म्हणाले, दुरुस्ती झाली असती, पण तुम्ही किल्ली दिली नाही. मी म्हटलं, हे परत खोटं बोलतायत. खोटंच ना, ताई?"

शर्मिला ऑफिसात होती. समोर अर्धवट टाइप केलेली कुणाची तरी नोटीस होती. हो, खोटं, असं म्हणणं सोपं होतं. त्या माणसाने खरोखरच इतकं खोटं सांगितलं होतं की आणखी एक त्याच्या नावावर सहज खपलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "ते खरं आहे."

पलीकडून बसचा हॉर्न ऐकू आला. मग रुपाली म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

घरी गेल्यावर शर्मिलाने आईला ते सांगितलं, मुलाच्या शाळेसकट, पहाटेच्या बससकट. चंद्रभागाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं.

"धमढेऱ्याला त्रास द्यायचा होता, तो दिलास," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतंस तर त्याच्या माफीवर माझं भागलं होतं. लागलं मला होतं ना?"

"मलाही लागलं होतं आई."

"हो," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "ते मला कळलं नाही. ते माझं चुकलं."

त्यांनी परात तिच्याकडे सरकवली. दुखऱ्या डाव्या हाताने त्यांना अजून नीट निवडता येत नव्हतं. शर्मिला समोर बसली. तिला हिंमतरावांची दया येत नव्हती. पुन्हा ती संध्याकाळ आली असती तर तिने काय केलं असतं, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं आणि उत्तर तिला आवडलं नाही, कारण ते तेच होतं. ती तांदळातले खडे वेचत राहिली.